विश्रामबागचा फ्लॅट, भाडेवाढ आणि पाच तारीख

प्रेषक: समीर
विषय: भाडेकरूला भाडेवाढ कशी कळवावी?

मंडळी, नमस्कार.

सांगलीत विश्रामबागला आमचा दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. मिरजेच्या एका हॉस्पिटलात नर्स असलेल्या रेखाताई, त्यांचे मिस्टर आणि मुलगी असे तिघे तिथे राहतात. भाडे १२,००० आणि डिपॉझिट ३६,००० आहे. लिव्ह अँड लायसन्स करार १ जुलै २०२५ पासून ११ महिन्यांचा आहे आणि तो रीतसर नोंदवलेला आहे. मी परदेशात राहतो, म्हणून कुलमुखत्यारपत्र धाकट्या भावाच्या नावाने आहे.

दोन गोष्टी आहेत. करारात भाडे ५ तारखेच्या आत द्यायचे लिहिले आहे, पण हिवाळ्यापासून ते ८-९ तारखेला येते. शिवाय एजंट म्हणतो की शेजारच्या बिल्डिंगमध्ये १५,००० चालू आहे. म्हणून एप्रिलपासून १५,००० करावे आणि उशीर झाला तर रोजचे शंभर रुपये लावावेत, असे पत्र पाठवतोय. माणसे चांगली आहेत, संबंध बिघडवायचे नाहीत. मजकूर कसा असावा?

समीर

---

प्रेषक: दिलीप

समीर, १५,००० मागताच येणार नाहीत. महाराष्ट्रात कायद्याने वर्षाला ४ टक्केच वाढ घेता येते, म्हणजे तुझे झाले १२,४८०. मी स्वतः भाडे नियंत्रण कायद्यात वाचलंय.

---

प्रेषक: बापू

दिलीपराव म्हणतात ते आमच्या बाबतीत खरे आहे का? साताऱ्याला शनिवार पेठेत आमच्या वाड्याच्या मागच्या दोन खोल्यांत वडिलांच्या काळापासून एक कुटुंब आहे. महिना ८५ रुपये देतात, तेही वर्षातून एकदा, गणपतीत. त्यांना पत्र लिहून २,००० केले तर चालेल का?

---

प्रेषक: अनघा (सांगली)

समीर, पत्र पाठवू नकोस अजून.

दिलीपराव, ती ४ टक्क्यांची तरतूद १९९९ च्या कायद्यात आहेच, पण ती संरक्षित भाडेकरूंसाठी. समीरच्या भाडेकरू लायसन्सवर राहतात. त्यांच्या भाड्याला कायद्याने टक्का ठरवलेला नाही, करारात जे ठरेल ते. बापू, तुमचा वाडा मात्र दिलीपरावांच्याच कलमातला आहे. तिथे ८५ चे २,००० एका पत्राने होत नाहीत. जुन्या पावत्या काढून ठेवा, त्यावर वेगळे बोलू.

आता समीर. एप्रिलपासून वाढ मागता येणार नाही, कारण तुझा करार ३१ मेपर्यंत आहे आणि मध्येच भाडे वाढवण्याचे कलम त्यात नाही. वाढ १ जूनपासून, तीही नवीन नोंदणीकृत करार करूनच. फोनवर 'हो' म्हणाल्या आणि नुसते १३,००० यायला लागले, एवढ्यावर राहू नकोस. करार लेखी आणि नोंदवलेला नसेल, तर अटींबद्दल वाद झाल्यावर भाडेकरू सांगेल ते आधी खरे धरले जाते. खोडून काढायचे ओझे तुझ्यावर येते, आणि नोंदणीची जबाबदारीही कायद्याने मालकाचीच.

रोजचे शंभर रुपयेही तसेच. करारात नसलेला दंड पत्राने लावता येत नाही. शिवाय तीन-चार महिने ८-९ तारखेला आलेले पैसे तू मुकाट्याने घेतलेस. त्यांनी सवलत आहे असेच धरले असणार. पाच तारीख पाळायला हवी असेल तर आधी सांग, आणि तेही वेगळ्या निरोपात. उशिराची तक्रार आणि भाडेवाढ एकाच पत्रात आली की वाचणाऱ्याला वाढ म्हणजे शिक्षा वाटते. आणि त्याआधी भावाला एक विचारायला सांग, त्यांचा पगार कधी होतो?

वेळेचे म्हणशील तर पत्र मार्चमध्येच जाऊ दे. करारात एक महिन्याची नोटीस असली तरी मुलगी शाळेत आहे. जूनच्या आत घर बदलायचे तर लोक एप्रिल-मेमध्ये शोधतात. मेच्या पहिल्या आठवड्यात कळवलेस तर नोटीस कागदावर बसते, पण त्यांच्या हातात काही उरत नाही.

अनघा

---

प्रेषक: समीर

अनघाताई, भावाने विचारले. पगार ७ तारखेला होतो, पूर्वी ३० ला व्हायचा. एवढेच कारण.

पण आकड्याचे काय करू? १५,००० चा भाव असताना मी का सोडावेत?

---

प्रेषक: दिलीप

बरं, ४ टक्के नाही तर नाही. पण समीर, बाजारात मिळतात तेवढे घे. घर तुझं आहे, देवस्थान नव्हे.

---

प्रेषक: अनघा (सांगली)

एजंटचा १५,००० हा मागितलेला भाव आहे. झालेला व्यवहार त्याला विचार, आणि त्या फ्लॅटला लिफ्ट-पार्किंग आहे का तेही.

हिशेब असा. १५,००० केलेस तर ११ महिन्यांत ३३,००० जास्त मिळतात, पण रेखाताई थांबल्या तर. त्या गेल्या आणि फ्लॅट दोन महिने रिकामा राहिला तर ३०,००० तिथेच गेले, वर एजंटचे एक भाडे आणि रंगकाम. १३,००० केलेस तर ११,००० जास्त मिळतात आणि माणसे तीच राहतात. मी असते तर १३,००० म्हटले असते. पण तुझ्या घराचा हप्ता मला ठाऊक नाही, तेव्हा ठरव तूच.

पत्र असे चालेल:

"नमस्कार रेखाताई. आपला करार ३१ मे २०२६ ला संपतो. तोपर्यंत भाडे १२,००० च राहील. पुढच्या ११ महिन्यांसाठी १ जूनपासून १३,००० करावे असा आमचा विचार आहे. डिपॉझिट वाढवणार नाही. तुमचा पगार ७ तारखेला होतो म्हणून नव्या करारात भाड्याची शेवटची तारीख १० ठेवू. या मेअखेरपर्यंतही १० पर्यंत आले तरी आमची हरकत नाही. आकड्याबद्दल किंवा घराच्या दुरुस्तीबद्दल काही म्हणणे असेल तर १५ एप्रिलपर्यंत मोकळेपणाने सांगा, आणि राहणार की नाही ते ३० एप्रिलपर्यंत कळवा. करार नोंदवण्याचा खर्च निम्मा-निम्मा. सोडायचे ठरवलेत तर घर पाहून चावी घेतानाच डिपॉझिट परत देऊ."

ईमेल आणि व्हॉट्सअ‍ॅप दोन्हीवर पाठव. भावाला तेच शब्द वाचून दाखव. तू १३,००० लिहायचेस आणि तो जिन्यात "बघू, साडेबारात करू" म्हणायचा, असे होऊ देऊ नकोस. मुदत संपल्यावर न सोडल्यास दुप्पट भाड्याची मागणी करता येते ही तरतूद खरी आहे, पण ती पहिल्या पत्रात घालायची गोष्ट नव्हे.

---

प्रेषक: नीलेश

एक राहिलं. मालक परदेशात राहणारा आहे, म्हणजे भाड्याची रक्कम कितीही असली तरी भाडेकरूने टीडीएस कापायला हवा ना? माझ्या सीएने मला तसंच सांगितलं. रेखाताईंना १३,००० कबूल करून घ्यायचे आणि मग हे सांगायचे, ते बरोबर दिसणार नाही.

---

प्रेषक: अनघा (सांगली)

नीलेश म्हणतो ते बरोबर आहे. समीर, तुझ्या सीएशी आजच बोल. कर कापणाऱ्याला लागणारा टॅन नंबर काढणे आणि दर महिन्याला कर भरणे हे काम रेखाताईंच्या गळ्यात पडते. ते कोण करून देणार हे पत्र जाण्याआधी ठरव.

---

प्रेषक: समीर

सीएशी बोललो. टॅन आणि चलनाचे काम तो करेल, फी मी देईन. पत्रात त्याची एक ओळ घालून काल पाठवले.

रेखाताईंचा फोन आला. १० तारीख चालेल म्हणाल्या, पण १३,००० ऐवजी १२,५०० करा आणि बाथरूमच्या भिंतीतली ओल आधी काढून द्या, असे म्हणणे आहे. ओलीचे मला कुणी सांगितलेच नव्हते. भाऊ रविवारी प्लंबर घेऊन जातोय. खर्चाचा अंदाज आला की आकडा ठरवतो.

---

प्रेषक: बापू

पावत्या सापडल्या. १९७८ पासूनच्या आहेत, पण आजोबांच्या नावावर. अनघाताई, तेवढ्या चालतात का?