मदत हवी आहे : फ्लॅटचा मूळ करारनामा आणि शेअर सर्टिफिकेट गहाळ, सोसायटी एफआयआर मागते, पोलीस फक्त गहाळ नोंद देतात

धागाकर्ता : कर्वेनगरकर

नमस्कार. माझ्या आईच्या नावावर कोथरूड भागात एक फ्लॅट आहे. तो तिने 1996 मध्ये आधीच्या मालकाकडून विकत घेतला होता. आई आता 79 वर्षांची आहे आणि आमच्याकडेच राहते, म्हणून फ्लॅट विकायचे ठरले. ग्राहकही मिळाला, परंतु कागदपत्रांची फाइल उघडली तेव्हा तिच्यात 1996 च्या करारनाम्याची झेरॉक्स, नोंदणीच्या पावतीची झेरॉक्स आणि पाच शेअर्सच्या शेअर सर्टिफिकेटची झेरॉक्स एवढेच निघाले. मूळ प्रत एकाचीही नाही. 2012 मध्ये आम्ही घर बदलले तेव्हा काही खोकी इकडची तिकडे झाली होती, त्यामुळे कागद तेव्हाच हरवले असावेत असा आमचा अंदाज आहे.

सोसायटीचे सचिव म्हणतात की एफआयआरची प्रत आणल्याशिवाय दुसरे शेअर सर्टिफिकेट देता येणार नाही. पोलीस चौकीत गेलो तेव्हा तेथील अंमलदारांनी सांगितले की कागद हरवणे हा गुन्हा नाही, त्यामुळे एफआयआर होत नाही, गहाळ झाल्याची नोंद तेवढी मिळेल. ओळखीच्या एका गृहस्थांनी "चोरी झाली असे लिहून द्या, म्हणजे एफआयआर होईल" असा सल्ला दिला, तो मला पटलेला नाही. प्रतिज्ञापत्राचा तयार मसुदाही हाती आला आहे. कृपया कोणी हे सर्व प्रत्यक्ष केले असेल तर कशानंतर काय करायचे ते सांगावे.

सदाशिव_पेठी

चोरीचे लिहून देऊ नका, ही आपली भूमिका अगदी योग्य आहे. खोटी माहिती दिली तर तो आपल्यावरच गुन्हा होऊ शकतो, आणि पुढे प्रतिज्ञापत्रात "गहाळ झाले" व पोलिसांकडे "चोरीला गेले" अशी दोन विधाने आली की खरेदीदाराचा वकील तिथेच थांबेल. सोसायट्या सवयीने एफआयआर म्हणतात, पण त्यांना अभिप्रेत असते ती पोलिसांकडील नोंदच. पुणे शहर पोलिसांच्या संकेतस्थळावर हरवलेल्या वस्तूंची नोंद करण्याची सोय आहे, ती करून छापील प्रत सचिवांना द्या.

मूळ करारनामा मात्र बँकेकडे असण्याची शक्यता आहे. आपण कर्ज घेतले होते का? घेतले असेल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे कर्ज फिटल्यावर 30 दिवसांत कागद परत न केल्यास बँकेला दररोज 5000 रुपये द्यावे लागतात. आपण तो दावा आधी लावा.

मृणाल_नि

आमच्या सासऱ्यांचीही शेअर सर्टिफिकेटे अशीच हरवली होती. आम्ही कंपनीच्या रजिस्ट्रारकडे पत्र लिहिले, त्यांनी त्यांच्या नमुन्यातील प्रतिज्ञापत्र आणि इंडेम्निटी बाँड, म्हणजे पुढे नुकसान झाल्यास ते भरून देण्याची लेखी हमी, मागवले, आणि शेवटी शेअर्स थेट डीमॅट खात्यात जमा झाले, कागदी सर्टिफिकेट पुन्हा मिळालेच नाही. आपणही आधी डीमॅट खाते उघडून ठेवावे.

कर्वेनगरकर

मृणालताई, माझे शेअर सर्टिफिकेट गृहनिर्माण संस्थेचे आहे, कंपनीचे नव्हे, त्यामुळे डीमॅटचा प्रश्न येत नाही. तरी वेळ काढून लिहिल्याबद्दल आभार.

सदाशिव_पेठी, कर्जाचे विचारलेत ते बरे झाले. वडिलांनी व आईने मिळून एका सहकारी बँकेकडून कर्ज घेतले होते आणि ते 2005 च्या सुमारास फिटले. ती बँक पुढे दुसऱ्या बँकेत विलीन झाली. वडील आता नाहीत, आणि कागद परत आणले होते का हे आईला आठवत नाही.

दस्त_वाचक

मी वकील नाही, परंतु अनेक वर्षे वकिलांच्या कार्यालयात मालमत्तेचे शोध घेण्याचे काम करत आलो आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, रिझर्व्ह बँकेचा तो नियम सप्टेंबर 2023 चा आहे आणि 1 डिसेंबर 2023 रोजी किंवा त्यानंतर ज्यांचे कागद परत देणे निघते त्यांनाच तो लागू होतो. 2005 मध्ये फिटलेल्या कर्जाला त्याचा आधार मिळणार नाही. बँकेकडे मात्र अवश्य जा, आणि दावा लावायला नव्हे तर विचारायला जा. विलीन झालेल्या बँकेच्या जुन्या नोंदी पुढच्या बँकेकडे येतात. कर्जखाते क्रमांक देऊन दोन गोष्टी लेखी मागा : कर्ज निरंक झाल्याचा दाखला, आणि मूळ कागद परत दिल्याची पोच. त्या पोचपावतीवर वडिलांची सही असेल तर कागद घरी आले होते हे ठरते. पोच सापडली नाही तर बँकेच्या तिजोरीत शोध घ्यायला लावा.

दुसरी जागा म्हणजे दुय्यम निबंधकाचे कार्यालय. हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. आज दस्त नोंदवला की स्कॅन होऊन त्याच दिवशी हातात मिळतो. 1996 साली तसे नव्हते. दस्त कार्यालयात ठेवून घेत, त्याची नोंद व छायाचित्रण पूर्ण होईपर्यंत बरेच महिने जात, आणि पक्षकाराने पावती दाखवून तो परत न्यायचा असे. कित्येकांनी तो नेलाच नाही. आपल्या फाइलमध्ये पावतीची झेरॉक्स आहे, तिच्यावरील दस्त क्रमांक, तारीख आणि हवेली तालुक्याचे कार्यालय पाहून तिथे चौकशी करा. दोन वर्षांहून अधिक काळ न नेलेले दस्त नष्ट करण्याचा अधिकार नोंदणी कायद्याच्या कलम 85 मध्ये आहे, त्यामुळे आशा मोठी नाही, पण विचारायला एक फेरी पुरते.

हे दोन्ही शोध आधी का, याचे कारण आपल्याकडे आलेल्या त्या तयार मसुद्यात आहे. अशा मसुद्यात "सदर मिळकत मी कधीही, कोठेही गहाण वा तारण ठेवलेली नाही" असे एक वाक्य असते. आपल्या आईने त्यावर सही केली तर ते शपथेवरचे असत्य ठरेल, कारण तारण ठेवले होते. त्या जागी कर्ज कोणत्या बँकेचे होते, कधी फिटले, निरंक दाखल्याची तारीख काय, आणि आज कोणाचाही बोजा नाही, असे लिहा. कागद शेवटचे कधी पाहिले व कधी नाहीत हे लक्षात आले, तेही आईला जेवढे आठवते तेवढेच लिहा. 2012 चा अंदाज हा अंदाज म्हणूनच यावा.

सदाशिव_पेठी

तारखेची बाब माझी चुकली, दुरुस्तीबद्दल आभारी आहे. एक शंका अशी की इंडेक्स टूचा, म्हणजे नोंदवलेल्या दस्तांच्या सूचीचा शोध आणि सेरसाईचा, म्हणजे बँकांकडील तारणांच्या केंद्रीय नोंदवहीचा शोध स्वच्छ आला तर जाहीर नोटिशीची गरजच काय? दोन्हीत काही निघाले नाही म्हणजे बोजा नाही.

दस्त_वाचक

तिथेच गफलत होते. मूळ कागद सावकाराच्या हाती देऊनही गहाण होते, त्यासाठी वेगळा दस्त नोंदवावा लागत नाही. महाराष्ट्रात अशा गहाणाची सूचना दुय्यम निबंधकाकडे देणे 2013 पासून आले, आणि सेरसाईची नोंद 2011 पासूनची. त्याआधीचे असे गहाण कुठल्याच शोधात दिसणार नाही. म्हणून ज्याच्याकडे मूळ कागद असतील त्याने पुढे यावे, एवढ्यासाठी नोटीस असते. नोटिशीत फ्लॅट क्रमांक, सोसायटीचे नाव, सर्व्हे नंबर, दस्त क्रमांक, नोंदणीची तारीख, शेअर सर्टिफिकेटचा क्रमांक आणि शेअर्सचे अनुक्रमांक हे सर्व झेरॉक्सवरून जसेच्या तसे घ्या.

आमच्याकडे आलेल्या एका प्रकरणात सर्व्हे नंबरचा हिस्सा छापताना गळला होता. हरकत कोणाचीही आली नाही, तरी खरेदीदाराच्या बँकेने ती नोटीस वेगळ्याच मिळकतीची ठरते असे म्हणून नाकारली आणि सगळा खर्च पुन्हा करावा लागला. छापायला देण्यापूर्वीचा नमुना स्वतः बोट ठेवून वाचा.

नोटीस सहसा वकिलामार्फत, एका मराठी व एका इंग्रजी वृत्तपत्रात देतात आणि हरकतींसाठी 14 किंवा 15 दिवस ठेवतात. कात्रण नको, वृत्तपत्राचे नाव व तारीख दिसेल असे पूर्ण पान जपा. मुदत संपल्यावर हरकत आली नाही असे वकिलाचे पत्र घ्या.

पोलिसांकडील नोंद प्रतिज्ञापत्राच्या आधी व्हावी, कारण तिचा क्रमांक प्रतिज्ञापत्रात येतो. त्या नोंदीतही नुसते "फ्लॅटचे कागद" न लिहिता दस्त क्रमांकासह लिहा. प्रतिज्ञापत्र आणि सोसायटीला द्यायचा इंडेम्निटी बाँड यांसाठी आता प्रत्येकी 500 रुपयांचा स्टँप लागतो, ऑक्टोबर 2024 पूर्वीचे 100 रुपयांचे नमुने चालत नाहीत.

वनिता_सोसायटीवाल्या

मी आमच्या संस्थेची चार वर्षे सचिव होते, म्हणून सोसायटीच्या बाजूने लिहिते. आपल्या सचिवांना अडवायचे नसेल, त्यांना भीती असते ती उद्या मूळ सर्टिफिकेट घेऊन कोणी दारात उभे राहण्याची. त्यांना अर्ज, पोलीस नोंद, प्रतिज्ञापत्र, इंडेम्निटी बाँड, नोटिशीची पाने आणि वकिलाचे पत्र एकत्र द्या आणि समितीच्या सभेत ठराव घ्यायला सांगा. नव्या सर्टिफिकेटवर दुसरी प्रत असल्याचा ठळक उल्लेख, संस्थेचा शिक्का, आणि अध्यक्ष, सचिव व एक समिती सदस्य अशा तीन सह्या असाव्यात. शेअर रजिस्टरमध्ये जुने सर्टिफिकेट रद्द झाल्याची नोंद लाल शाईने करायला सांगा आणि त्या पानाची नक्कल मागून घ्या. आम्ही एकदा ठराव केला पण रजिस्टरमध्ये नोंद करायची राहिली, आणि पुढच्या समितीला दोन सर्टिफिकेटांचा उलगडा होईना.

कर्वेनगरकर

आपणा सर्वांमुळे वाट दिसली. आज दोन ठिकाणी जाऊन आलो. बँकेने जुने खाते शोधून निरंक दाखला देण्याचे मान्य केले आहे आणि पोचपावतीसाठी आठ दिवस मागितले आहेत. हवेलीच्या कार्यालयात मूळ दस्त सापडला नाही, परंतु त्यांच्या नोंदीतून 1996 च्या करारनाम्याची प्रमाणित नक्कल मिळेल असे सांगितले, आणि तसा अर्ज केला आहे.

एक नवीन अडचण मात्र समोर आली. आधीच्या मालकाचा बिल्डरशी झालेला 1989 चा करारनामाही मूळ स्वरूपात नाही, आणि त्याच्या झेरॉक्सवर नोंदणीचा शिक्का दिसत नाही. त्याचे काय करावे?

दस्त_वाचक

नोंदणी झालीच नसेल तर त्याची प्रमाणित नक्कल कुठूनही मिळणार नाही. आधी 1996 च्या करारनाम्यात मागील कराराचा उल्लेख कसा केला आहे ते पाहा, तिथे दस्त क्रमांक असेल तर नोंदणी झाली होती असे समजा. नसेल तर संस्था नोंदवताना जोडलेल्या कागदांत त्याची प्रत आहे का ते सोसायटीच्या दप्तरात शोधा, आणि बिल्डर अजून असेल तर त्याच्याकडेही विचारा. मात्र त्यावर खरेदीदाराची बँक समाधानी होईल का, हे तिच्या पॅनेलवरील वकिलावर अवलंबून आहे. मी दोन्ही प्रकारची मते पाहिली आहेत. नोटीस देण्याआधी खरेदीदाराकडून त्या वकिलाचे म्हणणे लेखी मिळवा, म्हणजे 1989 चा करारही त्याच नोटिशीत घालता येईल.

कर्वेनगरकर

1996 च्या कराराच्या तिसऱ्या पानावर "दिनांक" लिहून पुढे मोकळी जागा सोडलेली आहे, दस्त क्रमांक नाही. सोसायटीचे जुने दप्तर रविवारी उघडणार आहेत. बँकेच्या वकिलाचे उत्तर आले की इथे लिहितो, तोवर नोटीस थांबवली आहे.