मदत हवी आहे: नोकरीच्या अर्जाचा शेवटचा परिच्छेद

मुग्धा_क
पतसंस्थेतल्या लेखापालाच्या जागेसाठी मराठीत अर्ज करायचा आहे. शेवट असा केलाय:

«तरी माझ्या अर्जाचा सहानुभूतीपूर्वक विचार करून सेवेची एक संधी द्यावी, मी आपली आजन्म ऋणी राहीन. मुलाखतीची तारीख लवकरात लवकर कळवावी.»

घरचे म्हणतात, असंच लिहायचं असतं. मला खटकतंय. सध्या नोकरी आहे: १० ते ६, शनिवारी २ पर्यंत, रविवारी सुट्टी. नोटीस एक महिन्याची.

रानवारा
‘कधीही हजर राहण्यास तयार आहे’ असं लिहून टाका. अडचणी आधीच सांगू नयेत. फक्त ‘फोन सायंकाळी ६ नंतरच करावा’ एवढं घाला.

टिपणीस
मुग्धाताई, खटकतंय ते बरोबर आहे. ‘सहानुभूती’ आणि ‘ऋणी’ने तुम्ही दया मागता आणि पुढच्याच वाक्यात ‘लवकरात लवकर’ म्हणून हुकूम सोडता. दोन्ही काढा.

‘कधीही’ नको. मंगळवारी ११ ला बोलावलं आणि तुम्ही दिवस बदलून मागितला, तर पहिलाच शब्द खोटा पडतो. तीन-चार संचालकांची सवड जुळवून तारीख ठरते, त्यामुळे तुमच्या सोयीच्या वेळा आधी कळल्या तर त्यांचंच काम हलकं होतं. मात्र एकच वेळ देऊन अडवू नका. ‘६ नंतरच’ मधला ‘च’सुद्धा जाऊ द्या.

नोटीस वेगळ्या वाक्यात हवी. ‘एक महिन्यानंतर उपलब्ध’ एवढंच लिहिलं, तर मुलाखतच महिन्याने द्यायची आहे असा अर्थ होतो.

«अर्ज वाचल्याबद्दल आभारी आहे. मुलाखतीसाठी शनिवारी दुपारी ३ नंतर किंवा रविवारी केव्हाही येऊ शकेन. इतर दिवस ठरल्यास दोन दिवस आधी कळावे, म्हणजे रजा घेता येईल. दिवसा फोन घेता आला नाही, तर त्याच दिवशी सायंकाळी मी स्वतः करेन. निवड झाल्यास एका महिन्याच्या नोटिशीनंतर रुजू होईन.»

खाली ‘आपली विश्वासू’ आणि सही. ‘तसदीबद्दल क्षमस्व’ नको, अर्ज त्यांनीच मागवलेत.

सचिन_७
जिल्हा परिषदेच्या भरतीचा ऑनलाइन फॉर्म भरतोय. त्यात हे कुठे लिहायचं?

टिपणीस
कुठेच नाही. तिथे वेळापत्रक तेच ठरवतात आणि प्रवेशपत्रावर येतं. हे फक्त पत्राने किंवा ईमेलने पाठवायच्या अर्जासाठी.

देशपांडे काका
मसुदा चांगला आहे, पण ‘विनंती’ हा शब्दच नाही. गावाकडच्या संचालकांना तो कोरडा वाटेल. ‘अर्जाचा विचार व्हावा, ही विनंती’ एवढं तरी असू दे. त्यात लाचारी नाही.

टिपणीस
काका, ठेवायचं तर एकदाच आणि ‘नम्र’शिवाय. माझ्या मते त्याची जागा पहिल्या परिच्छेदात, पदाचं नाव येतं तिथे.

देशपांडे काका
शेवटी विनंती नसलेला अर्ज मला अजूनही अर्धाच वाटतो.

मुग्धा_क
शनिवारी काम कधीकधी ४ पर्यंत लांबतं, म्हणून ३ चं ५ करते. विनंती वर घेतेय. काका, राग मानू नका.