मदत हवी आहे: व्हॉल्यूम फिरवला की अ‍ॅम्प्लिफायर खरखरतो

निवांत_श्रोता
वडिलांचा ऐंशीच्या दशकातला स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर माळ्यावरून काढला. आवाज छान आहे, पण व्हॉल्यूमचा नॉब फिरवताना जोरात खरखर येते. नॉब घड्याळातल्या आठ-नऊच्या जागी, म्हणजे अगदी हळू आवाजावर असला की डावा स्पीकर अधूनमधून गप्प होतो. हात काढला की खरखर थांबते. दुरुस्तीवाला म्हणतो, बोर्डच बदला. घरी काही करता येईल का?

तुषार_७१
नॉबने आत फिरतो त्या पॉटमध्ये, म्हणजे आवाज कमी-जास्त करणाऱ्या भागात कचरा बसलाय, दुसरं काही नाही. बिजागरीला मारतो तो गंजाचा स्प्रे मारा, मी रेडिओला तोच मारतो. काम फत्ते.

सोल्डरवाली
तुषारदादा, कचऱ्याचं बरोबर, स्प्रेचं नाही. तो तेलकट थर मागे ठेवतो, त्यावर धूळ चिकटते आणि खरखर परत येते. पॉटसाठीचा, थोडं वंगण असलेला कॉन्टॅक्ट क्लीनर घ्या. डब्यावर ‘प्लॅस्टिकला सुरक्षित’ लिहिलेलं बघा.

निवांत, आधी प्लग काढा आणि झाकण उघडण्यापूर्वी थोडा वेळ जाऊ द्या, कारण मोठ्या कपॅसिटरमध्ये चार्ज उरतो. नॉबच्या मागे पॉटची धातूची डबी दिसेल. तिचे पाय बाहेर येतात तिथे फट असते. स्प्रेची बारीक नळी त्या फटीत धरून अगदी छोटा फवारा मारा. तुमचा पॉट जोडपॉट असणार, म्हणजे दोन डब्या एकामागे एक, तेव्हा दोन्हींत मारा. दांड्याकडून मारू नका. तिथलं घट्ट ग्रीस धुतलं गेलं की नॉब ढिला, खुळखुळा वाटतो. मग नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-तीस वेळा फिरवा. खरी सफाई या घासण्यानेच होते. पूर्ण वाळल्याशिवाय चालू करू नका.

मंडळाचा_साउंड
आमच्या मंडळाच्या अ‍ॅम्प्लिफायरलाही असंच होतं, चालू केला की सतत घूंऽऽ. हाच स्प्रे चालेल ना?

सोल्डरवाली
नाही हो. नॉबला हात न लावताही येणारी घूं म्हणजे अर्थिंग, केबल किंवा पॉवर सप्लायचे कपॅसिटर. वेगळा धागा काढा.

निवांत_श्रोता
केलं. उजवा स्पीकर एकदम साफ! डावीकडे सुरुवातीच्या त्याच टप्प्यात थोडी खरखर आहे. पुन्हा मारू?

सोल्डरवाली
एकदा मारून बघा, पण पूर भरू नका. नेहमी हळू आवाजात ऐकणाऱ्यांच्या पॉटचा तोच भाग झिजतो. कार्बनचा थर गेला असेल तर स्प्रे तो परत आणत नाही, जोडपॉट बदलावा लागतो. जुन्यावरचा आकडा आणि अक्षर वाचून घ्या. जपानी पॉटवर A असेल तर लॉग, म्हणजे कानाला आवाज सारखा वाढल्यासारखा वाटावा असा पॉट, व्हॉल्यूमला बहुतेक तोच असतो.

दुसरी शक्यता म्हणजे सर्किटमध्ये पॉटच्या आधी असलेला एखादा कपॅसिटर गळतोय आणि पॉटवर डीसी पोचतोय. मग नवा पॉटही खरखरेल. गाणं बंद ठेवून मल्टिमीटरने डाव्या-उजव्या पॉटवरचा डीसी ताडून बघता येतो. पण त्यासाठी अ‍ॅम्प्लिफायर उघडा आणि चालू ठेवावा लागतो, आत २३० व्होल्ट असतात. सवय नसेल तर जाणकाराकडूनच करून घ्या.

तुषार_७१
माझा रेडिओ मात्र अजून वाजतोय हं.

निवांत_श्रोता
रविवारी भाचा मीटर घेऊन येतोय, तो हेच काम करतो. डावीकडे काय निघतं ते इथेच लिहितो.