चर्चा: टाइमशीटवरचे फ्लॅग कमी करण्यासाठी मर्यादा वाढवावी का?

पेरोल विभाग, गोकुळ शिरगाव (प्रश्न): आमच्याकडे कामगारांच्या हस्तलिखित टाइमशीट आणि बाहेरगावी जाणाऱ्या इंजिनिअर मंडळींची बिले स्कॅन करून तारीख, तास आणि रक्कम एका एक्सेल शीटमध्ये काढली जाते, आणि विसंगत नोंदी वित्त विभागाकडे जातात. गेल्या महिन्यात फ्लॅग इतके आले की ते कोणी उघडूनही पाहिले नाहीत. मर्यादा वाढवून फ्लॅग कमी करावेत का?

हिशेबनीस, शिरोली एमआयडीसी: माझे स्पष्ट मत असे की मर्यादेला हात लावू नये, आधी आकडे कसे वाचले जात आहेत ते तपासावे. बहुतेक फाउंड्रींमध्ये कामगार ‘७.३०’ लिहितो तेव्हा त्याला साडेसात तास म्हणायचे असते, पण शीट तो आकडा दशांश समजून ७.३ तास, म्हणजे ७ तास १८ मिनिटे धरते. एका आठवड्याच्या नोंदी पाहा: ८.१५, ७.३०, ८.४५, ९.००, ७.४५, ८.३०. कामगाराने खाली स्वतःची बेरीज ४९.४५ अशी लिहिली आहे. शीटची बेरीज मात्र ४८.६५ येते, त्यामुळे ‘बेरीज ०.८० तासांनी फुगवली’ असा फ्लॅग लागतो. आता हेच आकडे तास आणि मिनिटे म्हणून मिळवा: ४७ तास आणि १६५ मिनिटे, म्हणजे ४९ तास ४५ मिनिटे. कामगाराची बेरीज अचूक आहे. दशांशात त्याचे ४९.७५ तास होतात, म्हणजे शीटने त्याचे एक तास सहा मिनिटे कमी धरले आणि वर त्याच्यावरच संशय घेतला.

कोणती पद्धत वापरली आहे, हे एका नोंदीवरून ठरवता येत नाही. त्या माणसाचे संपूर्ण पान पाहावे लागते. बिंदूनंतर केवळ ००, १५, ३०, ४५ येत असतील तर ती मिनिटे आहेत; २५ आणि ७५ दिसू लागले तर तो दशांश आहे. शिवाय एक्सेलमध्ये साध्या रकान्यात ७.३० भरले की ७.३ उरते आणि मूळ खूणच पुसली जाते. म्हणून मूळ मजकूर जसा लिहिला आहे तसा एका रकान्यात टेक्स्ट म्हणून ठेवावा आणि त्यावरून काढलेले तास शेजारच्या रकान्यात ठेवावेत.

वित्त विभाग, राजारामपुरी: आपले उदाहरण बिनचूक आहे, तरीही मी सहमत नाही. माझ्याकडे तपासणीला दोन माणसे आहेत आणि पगाराची तारीख पुढे ढकलता येत नाही. एका तासाच्या फरकासाठी प्रत्येकाचे पान उघडून पाहायचे, तर ज्या बिलात पाचपट रक्कम लावली आहे ते तसेच पास होईल. रकमेची मर्यादा ओबडधोबड असते हे मान्य आहे. पण कोणती नोंद पाहिली आणि कोणती पाहिली नाही, याचे उत्तर ऑडिटरला एका वाक्यात देता येते. प्रत्येकाच्या लिहिण्याच्या सवयीवर आधारलेल्या नियमाचे स्पष्टीकरण मी कसे देणार?

एक्सेलप्रेमी, उद्यमनगर: एवढी गुंतागुंत कशासाठी, ते मला समजत नाही. आमच्याकडील निम्मे फ्लॅग रात्रपाळीचे होते, कारण २२:०० ला आत आणि ०६:०० ला बाहेर अशा नोंदीत वजाबाकी उणे येत असे. पुढील सूत्र घातले आणि सगळे उणे आकडे नाहीसे झाले.

```
=MOD(C2-B2,1)*24
```

B2 मध्ये आत येण्याची वेळ, C2 मध्ये बाहेर जाण्याची. उत्तर नेमके ८ येते.

हिशेबनीस, शिरोली एमआयडीसी: रात्रपाळीसाठी सूत्र योग्यच आहे, परंतु ते सरसकट लावणे धोक्याचे आहे. दिवसपाळीच्या कामगाराने ८:०० ला आत आणि दुपारी दोनला बाहेर या अर्थाने ‘२:००’ लिहिले, तर साध्या वजाबाकीत उणे सहा येतात आणि चूक तत्काळ दिसते. आपल्या सूत्रात तिथे १८ तास येतात, आणि मर्यादा वाढवलेली असेल तर ते दुप्पट दराच्या ओव्हरटाइमसह पगारातही जातील. म्हणून शिफ्टच्या तक्त्यात त्या दिवशी त्या माणसाची रात्रपाळी असेल, तरच हे सूत्र चालवावे. अन्यथा उणे आकडा उणेच राहू द्यावा, कारण चूक झाल्याची तीच एक खूण असते.

राजारामपुरीच्या मुद्द्याबद्दल सांगायचे तर, मी सवयींवर नियम बांधा असे म्हणत नाही. दोन कागद एकमेकांशी जुळत नाहीत तिथेच फ्लॅग लावा, एवढेच म्हणणे आहे. ‘कामगाराची बेरीज आणि नोंदींची बेरीज दोन्ही पद्धतींनी जुळली नाही’ हेही एकच वाक्य आहे, आणि ऑडिटरला ते मर्यादेपेक्षा अधिक पटेल.

सर्व्हिस इंजिनिअर, कागल: मूळ प्रश्न कामगारांच्या तासांचा आहे असे दिसते, पण माझे प्रकरण खर्चाचे आहे आणि ते सांगणे मला आवश्यक वाटते. चाकणला मशीन बसवून १४ तारखेला रात्री नऊ वाजता काम संपवले आणि गाडीने परत निघालो. किणी टोल नाक्यावरची नोंद १५ तारखेच्या पहाटे १:४० ची आहे, आणि १५ ला माझी मंजूर रजा होती. ‘रजेच्या दिवशी प्रवासखर्च’ या शेऱ्यासह माझा संपूर्ण क्लेम अडकला, हॉटेलच्या बिलासकट. मला फोन करून कोणी विचारलेही नाही. आपण ज्याला फ्लॅग म्हणता, तो आमच्यासाठी थेट आरोप असतो.

वित्त विभाग, राजारामपुरी: आपल्यावर अन्याय झाला, यात शंका नाही; मात्र इथे दोन कागद खरोखरच जुळत नव्हते, म्हणजे शिरोलीकरांच्या नियमानेही हा फ्लॅग लागलाच असता.

हिशेबनीस, शिरोली एमआयडीसी: लागला असता, हे खरे आहे. म्हणून तारखेऐवजी कामाची वेळ संपल्यापासूनचे अंतर मोजावे. रात्री नऊला चाकण सोडलेला माणूस पावणेपाच तासांच्या आत किणीला पोहोचतो, यात काहीच विसंगत नाही. आणि फ्लॅग लागलाच, तर ती एकच ओळ थांबवावी. टोलच्या शंकेसाठी हॉटेलचे बिल अडवणे गैर आहे.

पेरोल विभाग, गोकुळ शिरगाव: आपले वाचून मी जून महिन्याची शीट पुन्हा उघडली. ‘जुने बिल’ म्हणून फ्लॅग झालेल्या बिलांच्या तारखा ६ जानेवारी, ६ फेब्रुवारी, ६ मार्च अशा आहेत, आणि ‘पुढील तारखेचे बिल’ म्हणून आलेली बिले ६ ऑगस्ट, ६ सप्टेंबर अशी. सगळ्यांचा दिवस ६ कसा?

हिशेबनीस, शिरोली एमआयडीसी: त्या संगणकाची तारीख अमेरिकन पद्धतीवर असणार. १/६ ते १२/६ या बिलांमध्ये दिवस आणि महिना उलटे वाचले गेले आहेत. १३/६ पासून पुढच्या नोंदी पाहा. तेरावा महिना नसल्यामुळे त्या तारीख न बनता टेक्स्ट म्हणून डावीकडे चिकटलेल्या दिसतील. रीजन सेटिंग बदलून मूळ स्कॅनवरून पुन्हा काढा. आहे त्या शीटवरच दुरुस्ती करू नका, कारण ६/६ सारखी तारीख दोन्हीकडे सारखीच दिसते आणि कुठली दुरुस्त झाली हे नंतर सांगता येत नाही.

वित्त विभाग, राजारामपुरी: तारखांच्या बाबतीत मी आपले म्हणणे मान्य करतो. तासांच्या बाबतीत माझा एक आक्षेप कायम आहे. कंपनीचे नुकसान होईल अशा विसंगती तपासणे हे माझे काम आहे. कामगाराला कमी मिळाले असेल, तर तो स्वतः येऊन सांगेल.

सर्व्हिस इंजिनिअर, कागल: पगारपत्रकावर ४८.६५ छापून आले, तर त्यात आपले सहासष्ट मिनिटे गेले आहेत हे त्याला कशावरून कळावे?