मदत हवी आहे: शेवटच्या घाण्यातल्या पुऱ्या तेलकट का होतात?

नमस्कार मंडळी, सोलापूरहून लिहितेय. रविवारी घरी वीस माणसं जेवायला आहेत, श्रीखंड-पुरीचा बेत आहे.

काल अर्धा किलो कणकेची रंगीत तालीम केली. सव्वादोनशे मिली पाणी घालून पीठ घट्ट भिजवलं. पिठाची बारीक गोळी तेलात टाकल्यावर लगेच वर आली, तेव्हा तळायला घेतलं. पहिल्या दहा-बारा पुऱ्या टम्म फुगल्या, झाऱ्याने निथळल्या की कागदाला डागही नाही. मग घाईत एकदम चार-चार सोडल्या. तेल निवलं असणार, कारण पुऱ्या तळाशीच रेंगाळल्या, उशिरा वर आल्या आणि तेल पिऊन चपट्या राहिल्या.

पण दोष फक्त आचेचा नसावा. तासाभरात इथल्या उकाड्यात पीठही सैल पडलं होतं. लाटताना चिकटायला लागलं म्हणून पिठी लावली, ती तेलात जळून काळी झाली.

तर सांगा, एक किलोचं पीठ एकदम भिजवू की दोन वेळा अर्धा-अर्धा किलो? पाणी अजून कमी केलं तर कडा चिरतील का? आणि प्रत्येक घाण्यानंतर तेल पुन्हा तापायला किती थांबता?