मदत हवी आहे: बाबांच्या एचएमटी जनताला कोणती काच बसवू?

बाबांचं चावीचं एचएमटी जनता मी रोज लोकलमध्ये घालतो. मूळ काच अ‍ॅक्रिलिकची, फुगीर. दाराच्या दांड्याला घासून ओरखडे पडले. बारीक होते ते पॉलिशने गेले, पण चारच्या आकड्याजवळचा खोल आहे, नखाला लागतो.

दादरचे घड्याळजी मिनरल बसवू म्हणतात. पण धुळीतली वाळू मिनरललाही ओरखडते आणि ते ओरखडे घरी पुसून जात नाहीत. सफायरवर वाळूचं काही चालत नाही, मात्र ती महाग, जोरात आपटली तर फुटते आणि कोटिंग नसेल तर चकाकते.

अ‍ॅक्रिलिक दाबून बसते. त्याच खाचेत सपाट काच पावसाळ्यात ओल अडवेल का? कुणी अशी बदलून घेतली आहे का? काटे काचेला घासले का? खर्च किती आला?