शब्दचर्चा: आगीच्या विम्यातलं ‘ॲव्हरेज’ म्हणजे ‘सरासरी’ का?

विसूभाऊ: मेहुण्याच्या यंत्रमाग शेडला आग लागली. शेडचा विमा ५० लाखांचा, नुकसान १६ लाखांचं. कंपनीच्या मराठी पत्रात लिहिलंय, ‘सरासरीच्या अटीनुसार १० लाख देय’. नुकसान तर विम्याच्या रकमेपेक्षा कितीतरी कमी. मग सरासरी कशाची काढली?

नंदिनी_क: दोन आकड्यांची सरासरी नाही हो, गुणोत्तर आहे. विम्याची रक्कम भागिले मालमत्तेचा बाजारभाव. शेडचा बाजारभाव रेडी रेकनरवर बघा, त्यावरून निघेल.

सर्व्हेवाले_काका: नंदिनीताई, गुणोत्तर बरोबर, पण रेडी रेकनर इथे चालत नाही. त्या दरात जमीन धरलेली असते आणि जमीन जळत नाही. पॉलिसीत इमारतीची ‘मार्केट व्हॅल्यू’ म्हणजे तशीच इमारत आज नव्याने बांधायला लागणारा खर्च, त्यातून वयाची घट वजा.

विसूभाऊ, समजा शेड आज बांधायला १ कोटी लागतात आणि वयापोटी २० टक्के घट धरली, तर आगीच्या दिवशी तिची किंमत ८० लाख. विमा ५० लाखांचा, म्हणजे आठातले पाच भाग कंपनीचे. उरलेल्या तीन भागांपुरता मालकच स्वतःचा विमेदार ठरतो. दुरुस्तीचा खर्च २० लाख असेल तर तीच २० टक्के घट वजा जाऊन नुकसान १६ लाख धरतात, आणि त्याचे आठात पाच भाग १० लाख होतात. भंगाराची किंमत याआधी वजा होते, पॉलिसीतला एक्सेस, म्हणजे मालकाने स्वतः सोसायचा ठरलेला भाग, यानंतर.

पूर्ण शेड जळाली असती तर ५० लाख सगळे मिळाले असते. ही अट अर्धवट नुकसानीत बोचते, आणि बहुतेक आगी अर्धवटच असतात. हप्ता पाच भागांचाच भरलेला होता, त्यामुळे लहान नुकसानीतही वाटा पाच भागांचाच.

विसूभाऊ: म्हणजे रीइन्स्टेटमेंटची, नव्याने बांधायचा पूर्ण खर्च धरणारी पॉलिसी घेतली असती तर घट वजा झाली नसती आणि जास्त मिळाले असते?

सर्व्हेवाले_काका: ५० लाखांचीच घेतली असती तर नाही. तिथे घट वजा होत नाही, पण तुलना पूर्ण १ कोटीशी होते. २० लाखांचे निम्मे, पुन्हा १० लाखच. विम्याची रक्कम १ कोटी ठेवली असती तरच २० मिळाले असते.

कोशवाचक: शब्दाचं सांगतो. विम्यातला ‘ॲव्हरेज’ हा गणितातल्या सरासरीहून जुना. इटालियन ‘अव्हारिया’ म्हणजे जहाजाचं किंवा मालाचं नुकसान. त्याचं मूळ अरबीत आहे असं बरेच कोशकार मानतात. सफरीत झालेलं नुकसान सगळ्या मालवाल्यांनी आपापल्या हिश्शाप्रमाणे सोसायचं, त्या वाटणीवरून पुढे मधला आकडा हा अर्थ आला. मराठी पत्रात तो उलट्या दिशेने गेला. ‘हिस्सेरशीची अट’ म्हटलं असतं तर विसूभाऊंचा प्रश्नच उरला नसता.

ठाणेकर_सोसायटी: माझा फ्लॅट सव्वा कोटीचा आणि घराचा विमा फक्त ३० लाखांचा. मलाही चौथा हिस्साच मिळणार की काय?

सर्व्हेवाले_काका: सव्वा कोटीत जागेची किंमतच जास्त, ती विसरा. कार्पेट एरिया गुणिले आजचा बांधकाम दर, एवढीच रक्कम हवी. शिवाय पॉलिसी ‘भारत गृह रक्षा’ असेल तर तिच्यात ही कपात नाही, फक्त क्षेत्रफळ खरं लिहिलेलं हवं. विसूभाऊंच्या शेडला ती लागू नाही, ती घरासाठीच.

नंदिनी_क: लहान उद्योगांना १५ टक्के सूट असते ना? मग मेहुण्याची तूट १५ टक्क्यांनी कमी धरायला हवी.

सर्व्हेवाले_काका: १ एप्रिल २०२१ पासूनच्या ‘सूक्ष्म’ आणि ‘लघु उद्यम सुरक्षा’ या पॉलिसींत १५ टक्क्यांपर्यंतची तूट दुर्लक्षित होते. ८० लाखांच्या शेडवर ६८ लाखांचा विमा असता तर काहीच कापलं नसतं. इथे तूट साडेसदतीस टक्के आहे. अशा वेळी साधारणपणे सूट पूर्ण जाते आणि सगळ्या तुटीवर कपात बसते.

नंदिनी_क: मला हे पटत नाही. पॉलिसीतलं वाक्य मी दोन्ही प्रकारे वाचलेलं ऐकलंय.

सर्व्हेवाले_काका: मग त्यांच्या पॉलिसीतलं नेमकं वाक्य इथे टाकायला सांगा. आणि विसूभाऊ, सर्व्हे रिपोर्टची प्रत मागून ‘व्हॅल्यू ॲट रिस्क’चा, म्हणजे आगीच्या दिवशी शेडची धरलेली किंमत, तो आकडा बघा. तिथे पायाचा खर्च धरलाय का, चौरस फुटाचा दर कुठला, घट किती, हे तपासा. पाया विम्यातून वगळला असेल आणि तरी किमतीत मोजला असेल तर ८० लाखांचा आकडा फुगलेला आहे. शेड आणि यंत्रं यांच्या रकमा पॉलिसीत वेगळ्या लिहिल्या असतील तर कपातही वेगवेगळी निघते, यंत्रांवरची जास्तीची रक्कम शेडकडे वळत नाही.

विसूभाऊ: ५० लाख हा आकडा बँकेच्या कर्जाचा होता, आत्ता कळलं. रिपोर्ट मागवतो. पाया धरलाय का ते बघून लिहितो.

कोशवाचक: ‘हिस्सेरशी’वर कुणाचा आक्षेप असेल तर तोही लिहा.

ठाणेकर_सोसायटी: आमच्याकडे आता तो शब्द कुणी बोलत नाही. ‘प्रमाणात कपात’ लिहिलं तर वॉचमनलाही कळेल.